एसटीतल्या ताई-दादांचे आभार

परवा एसटीत आबांना फोन आला, "कर्जमाफीत नाव आलंय, ओटीपी सांगा, नाहीतर यादीतून कटेल." सहापैकी चार आकडे आबांनी सांगितलेही. शेजारच्या ताईंनी फोन मागून घेतला आणि इंग्रजी मेसेज पूर्ण वाचला. खात्यातून ३८,००० रुपये वजा होणार होते. "आबा, पैसे जमा व्हायला ओटीपी लागत नाही," म्हणत त्यांनी फोन कापला. मागच्या दादांनी लगेच बँकेला कळवून कार्ड बंद करवलं.

२०१९च्या कर्जमुक्तीत यादी गावात लागली होती, आधार प्रमाणीकरण केंद्रावर झालं होतं. पण कर्ज थकलेल्या माणसाला असा फोन खराच वाटतो हो. ताई, दादा, गडबडीत तुमची नावंही विचारली नाहीत. मनापासून आभार.