कोरडा कोबा

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू नळचोराचं विचारलंस, पण दारात कमिटीतले दोघं उभे होते म्हणून बोलता आलं नाही. आता क्रमाने लिहितो.

दिवाळीनंतर आपल्या पार्किंगमधला गाड्या धुवायचा पितळी नळ चार वेळा गेला. दर वेळी सकाळी सहाला गाड्या धुणारा मुलगा यायचा, नळ नाही म्हणून ओरडायचा आणि सगळे रात्रीच्या वॉचमनकडे बघायचे. जानेवारीच्या पगारातून कमिटीने त्यांचे 1400 रुपये कापले, चार नळांचे साडेतीनशेप्रमाणे. साठीचा माणूस खाली मान घालून उभा राहिला. मला त्या रात्री झोप लागली नाही.

अंथरुणात पडल्या पडल्या आठवलं की चारही सकाळी पार्किंगचा कोबा कोरडा होता. टाकी सातव्या मजल्याच्या वर, गच्चीत. नळ पान्याने फिरवून काढला तर पाण्याचा लोट बाहेर पडायला हवा, सकाळपर्यंत तळंच झालं असतं. म्हणजे काढणाऱ्याने आधी त्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद केला होता. तो व्हॉल्व्ह गच्चीत, गच्चीला कुलूप आणि किल्ली सचिवांच्या घरी. वॉचमनना ती कधी मिळतच नाही. सचिवांच्या मिसेसना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "आपले प्लंबर नेतात की, टाकीचं काम असलं की."

तेवढ्यावर कुणाचं नाव घ्यायला मी तयार नव्हतो. चौतीस वर्षं आवक-जावक सांभाळली, त्यात एक सवय जडली. पत्र ऑफिसात आल्याची तारीख शिक्क्यावर असते आणि ते लिहिल्याची तारीख पत्रावर. दोन्हींची गल्लत झाली की सगळी फाइल चुकते. इथे तेच झालं होतं. नळ गेल्याचं सकाळी कळायचं, म्हणून तो रात्री गेला असं सगळ्यांनी धरलं. खरं तर गाड्या धुऊन झाल्या की नऊनंतर त्या नळाकडे कुणी फिरकत नाही. तो आदल्या दिवशी दुपारीही जाऊ शकतो.

मग मी दिवसाच्या गेटचं रजिस्टर मागून घेतलं. पाठकोऱ्या कागदावर दोन रकाने आखले, एकात नळ नसल्याचं कळल्याची तारीख, दुसऱ्यात आदल्या दिवशी आलेली बाहेरची माणसं. चारही ठिकाणी प्लंबरची नोंद निघाली. पण तो त्या काळात एकूण अकरा वेळा येऊन गेला होता, कुणाचा गीझर, कुणाचा फ्लश. अकरातले चार दिवस जुळले म्हणून माणूस चोर ठरत नाही. नुसत्या संशयावर वॉचमनचं जे झालं, तेच मी त्याचं करणार होतो का?

म्हणून खूण करायची ठरवली. पाचवा नळ सचिवांनी आणून ठेवला होता. बसवण्याआधी मी तो घरी आणला. आट्यांजवळ, जिथे भिंतीलगतची चकती येते, त्या कडेवर खिळ्याने तीन बारीक रेघा ओढल्या. चकती बसली की त्या दिसत नाहीत. सचिवांना दाखवल्या आणि कागदावर दोघांच्या सह्या घेतल्या.

एकोणीस दिवसांनी नळ गेला. दुसऱ्या दिवशी प्लंबर "नवीन" नळ आणि साडेतीनशेचं बिल घेऊन आला. मी म्हटलं, बसवण्याआधी जरा बघू. चकती मागे सरकवली तर तिन्ही रेघा तिथेच, आणि आट्यांच्या खोबणीत जुन्या टेफलॉनचा पांढरा धागा अडकलेला. नवीन नळाला टेफलॉन कुठून येणार? तो काही बोलला नाही, पान्याची पिशवी खाली ठेवून पायरीवर बसला. एकच नळ काढायचा, घासून पुसून आपल्यालाच विकायचा, असं चाललं होतं.

कमिटीत पोलिसांत जायचा विषय निघाला. मी नवीन न्याय संहितेतलं कलम 303 वाचून दाखवलं. 1 जुलै 2024 पासून ती लागू आहे. चोरी 5000 रुपयांच्या आतली असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर शिक्षा म्हणून समाजसेवा आहे. बरीच चर्चा झाली. शेवटी त्याने सगळे पैसे भरले आणि आपल्याकडचं काम बंद झालं. माझं म्हणणं एवढंच होतं की आधी वॉचमनचे 1400 परत द्या, आणि पगारातून कापल्याची नोंद जिथे आहे तिथेच रद्द केल्याचं लिहा. नुसते पैसे हातावर ठेवले असते तर वहीत तो माणूस चोरच राहिला असता.

काल व्हाउचर मी स्वतः लिहिलं. त्यांनी रक्कम दोनदा वाचली, मग सही केली, आणि ती वहीतली ओळ बघायला मागितली. मी पान उघडून दिलं. बराच वेळ बोट ठेवून बघत होते.

आई बरी आहे. चष्म्याचा नंबर वाढलाय तिचा, आलीस की डॉक्टरांकडे घेऊन जा, माझं ऐकत नाही.

तुझे,
बाबा