लाल रिफिलच्या नदीकाठाने

पुणे, रविवार

प्रिय मित्रा,

नववीतली भूगोलाची वही सापडली. आईच्या पेटीत होती. मागच्या दोन पानांवर आपला मेघवण देश अजून जसाच्या तसा आहे. डोंगर तू काढलेले, समुद्र माझा. मधली नदी लाल आहे, कारण निळी रिफिल संपली होती आणि जोशीबाई वर्गात यायच्या आत नकाशा पुरा करायचा होता. नदीचं नाव आपण तेव्हाच तांबडी ठेवून टाकलं.

गेलं वर्षभर मी त्या देशातून चालतो आहे. खाडीपासून उगमाकडे, नदीच्या काठाकाठाने. रोज सकाळी तासभर लिहितो आणि मुक्काम थोडा पुढे सरकतो. हे प्रवासवर्णन तुझंही आहे, म्हणून कुणालाही दाखवण्याआधी तुला सांगतो आहे.

पहिला मुक्काम खाडीवरच्या मिठागरात. तिथे मी पोचलो तेव्हा कुणी माझं स्वागत केलं नाही, कारण मी येताना म्हणालो होतो, 'पाऊसपाणी ठीक आहे ना?' आपल्याकडे हा आपुलकीचा प्रश्न. तिथे ती शिवी आहे. लिटरभर समुद्राच्या पाण्यात जेमतेम पस्तीस ग्रॅम मीठ असतं. ते मिळवायला एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात पाणी फिरवत महिनोन् महिने उन्हात तापवायचं, आणि मीठ दाणा धरू लागलं की एक अवकाळी सर सगळं विरघळवून परत खाडीत नेते. त्या लोकांत 'तुझ्या दारात ढग येवो' म्हटलं की सात पिढ्यांचं वैर. पाणी पिकलं की नाही हे बघायला ते ताजं अंडं सोडतात. समुद्राच्या पाण्यात ते तळाला जातं, आटवलेल्या खारवणीत तरंगतं. मला माफ केलं त्या दिवशी माझ्या हातात अंडं दिलं. ते वर आलं तेव्हा वाफ्याच्या बांधावर बसलेल्या म्हातारीने माझ्या कपाळाला मिठाचं बोट लावलं. त्या गावाबद्दल एवढंच सांगतो. दुसऱ्या मुक्कामाबद्दल मात्र सविस्तर लिहायचं आहे, कारण तो तुझ्या चुकीतून जन्मला.

नकाशात बघ, तांबडीला मध्येच फाटा फुटतो. दोन प्रवाह वेगवेगळे निघतात आणि समुद्राला दोन टोकांना मिळतात. नद्या अशा वागत नाहीत. त्या एकमेकींना येऊन मिळतात. फाटे फुटतात ते सहसा मुखाजवळ, गाळाच्या सपाटीवर. पहिल्यांदा मला तो फाटा खोडून टाकावासा वाटला. मग वाटलं, तू काढलास म्हणजे तो आहे. नदीने काढला नसेल तर माणसांनी काढला असेल. म्हणजे तो पाट. म्हणजे तिथे बंधारा आहे, आणि बंधारा आहे म्हणजे पाण्याची वाटणी आहे, आणि वाटणी आहे तिथे भांडण आलंच. तिथून पुढे ते अख्खं गाव आपोआप उभं राहिलं.

त्या गावासाठी मी साक्री तालुक्यात जाऊन आलो. पांझरेच्या काठी फड पद्धत आहे ना, बंधाऱ्यावरून पाट काढून एकेका फडाला, म्हणजे शेतांच्या एकेका गटाला, पाणी द्यायची. तिथल्या एका म्हाताऱ्या पाटकऱ्याबरोबर दोन दिवस बांधावरून हिंडलो. मी त्यांना विचारलं, पाणी वाटताना सगळ्यात अवघड काय? ते म्हणाले, 'रात्रीची पाळी कुणाला द्यायची ते.' हे वाक्य मी मेघवणात घेऊन गेलो.

आता हिशोब बघ. माझ्या गावात पाटावर एकशेवीस शेतं आहेत. वेळ मोजायला तांब्याची वाटी आहे, तळाला बारीक भोक असलेली. घंगाळातल्या पाण्यावर सोडली की भरत भरत बुडते. आपल्याकडे लग्नमुहूर्ताला असायचं तेच घटिकापात्र. इराणात जमिनीखालून पाणी आणणारे कनात नावाचे बोगदे असतात, त्यांच्या पाण्याची वाटणीही अशाच वाटीने व्हायची. एक वाटी म्हणजे एक घटका, चोवीस मिनिटं. दिवसरात्र मिळून साठ वाट्या. प्रत्येक शेताला चार वाट्या पाणी दिलं तर चारशेऐंशी वाट्या होतात, म्हणजे बरोबर आठ दिवस. म्हणून मी त्यांचा आठवडा आठ दिवसांचा केला आणि खूश झालो.

तेवढ्यात पाटकरीबाबांचं वाक्य आठवलं. पाळी बरोबर आठ दिवसांनी फिरली तर ज्याला मध्यरात्र आली त्याला जन्मभर मध्यरात्रच येणार. कंदील धरून पाटाची दारं मोडायची, चिखलात पाय, साप-विंचवाची भीती, आणि हे त्याच्या मुलालाही तसंच. असं गाव टिकणार नाही. चार दिवस मी अडून बसलो होतो. मग उलगडलं: त्यांचा आठवडा साडेआठ दिवसांचा आहे. आज ज्याची पाळी रात्री आली त्याची पुढच्या वेळी दिवसा येते, त्याच्या पुढच्या वेळी पुन्हा रात्री. अंधार सगळ्यांना सारखा वाटला गेला.

आणि त्या अर्ध्या दिवसाच्या तीस वाट्या उरल्या. त्यातल्या बारा पाटाच्या शेवटच्या शेतांना भराईसाठी जातात, कारण कोरड्या पाटातून पाणी शेवटापर्यंत पोचायलाच वेळ लागतो, काही जमीन पिऊन टाकते, आणि वाट्या मोजून सारख्या दिल्या तरी शेवटच्याला कमीच मिळतं. बाकी अठरा वाट्या गावतळ्यात जातात. त्या कुणाच्याच नाहीत. त्यावर गुरं पितात, वाटसरू पितात, बाळंतिणीचं पाणी तिथलंच तापतं. त्या अर्ध्या दिवशी कुणी शेतात जात नाही. मी गावात शिरलो तो नेमका असा दिवस होता, आणि मला वाटलं हे किती निवांत लोक आहेत.

मित्रा, तुझी लाल रिफिलसुद्धा इथे कामाला आली. नदी लाल आहे कारण ती वरून तांबडी माती आणते. तो गाळ वाटीच्या भोकात बसतो. भोक बारीक झालं की वाटी उशिरा बुडते आणि ज्याची पाळी असेल त्याला फुकट जास्त पाणी मिळतं. म्हणून घंगाळात निवळलेलं पाणीच घालतात, आणि वाटीची जोडवाटी पाटाच्या शेवटच्या घरी ठेवलेली असते. शंका आली की दोन्ही एकाच घंगाळात शेजारी सोडायच्या. मागे राहिली ती मळली. भोक साफ करायचं ते घोड्याच्या शेपटीच्या केसाने, आणि तेही दोन साक्षीदारांसमोर.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहाटे वाटीवर बसलेल्या मुलाचा डोळा लागला होता. भोकाशी लाल कण अडकलेला मला दिसला. मदत करावी म्हणून मी झोळीतली दाभण काढली आणि दोनदा फिरवली. कण निघाला. वाटी छान भरू लागली. पाळी एका एकट्या बाईची होती. तिच्या चार वाट्या बुडाल्या, दार बंद झालं, आणि कांद्याचे शेवटचे दोन वाफे कोरडे राहिले. तिने आरडाओरडा केला नाही. वाफ्यातली माती उचलून मुठीत दाबली, मूठ उघडली, माती भुरभुरत खाली पडली. मग ती सरळ जोडवाटी आणायला गेली. दोन्ही शेजारी सोडल्या. माझ्या हाताची वाटी तळाला गेली तेव्हा जोडवाटी अजून काठाशी हलत होती. दाभणीने भोक मोठं झालं होतं.

मोठं झालेलं भोक केसाने लहान होत नाही. तांबटाने भोकाच्या कडेने हलक्या हाताने ठोकून तांबं आत आणलं, मग पुन्हा कोरलं, जोडवाटीशी लावून बघितलं, पुन्हा ठोकलं. सहा वेळा. तोवर गाव जोडवाटीवर चाललं. मला कुणी शिक्षा सुनावली नाही. फक्त त्या बाईने दोन घागरी माझ्यासमोर ठेवल्या आणि गावतळ्याकडे बोट केलं. कुणाच्याच नसलेल्या पाण्यातून तिचे दोन वाफे मी भरले. संध्याकाळपर्यंत खांदे सोलून निघाले. जाताना तिने कांद्याची पात आणि भाकरी बांधून दिली. हे प्रकरण लिहून झालं त्या दिवशी मला ऑफिसात काही सुचलं नाही, इतकी ती बाई खरी वाटत होती.

तिसरा मुक्काम डोंगरातल्या दरीवर, गवताच्या पुलाचा. पेरूमध्ये अपुरिमाक नदीवर असा पूल खरोखर आहे, केस्वाचाका नावाचा. दरवर्षी जूनमध्ये चार गावं मिळून तो नव्याने विणतात. तू तिथे दरीवर नुसती एक रेघ ओढून ठेवली होतीस, आणि दोन काठांना दोन वेगळे रंग. मी एवढंच जोडलं की एका काठचे लोक फक्त उजवा पीळ देतात आणि दुसऱ्या काठचे फक्त डावा. दोरी तू कधी वळली आहेस का? पेड एका दिशेने पिळायचे आणि एकत्र वळताना उलट्या दिशेने, तरच पीळ एकमेकांना धरून बसतात. दोन्ही एकाच दिशेने केलं की हात सोडताच दोरी उलगडते. म्हणून अलीकडचे पेड पिळून पाठवतात आणि पलीकडचे त्यांचे दोर वळतात. त्यांची भाषा एक नाही, देव एक नाही, सोयरीक होत नाही. पण एकट्या काठाला पूल बांधताच येत नाही. आणि गवत वर्षात कुजतं, त्यामुळे 'एकदा बांधला, संपलं' असंही होत नाही. जुना पूल कापून नदीत सोडतात, त्याच्या आदल्या रात्री सगळी उधारी फेडायची असते. न फिटलेली उधारी जुन्या पुलाबरोबर वाहून जाते. खाडीवरच्या मिठाची एक गोणी माझ्या पाठीवर होती, ती मी तिथे दिली. वर जाणारं मीठ आणि खाली येणारं पाणी, हे दोनच या देशात सगळ्यांना ओळखतात.

आता मी पुलाच्या पलीकडे उभा आहे आणि पुढे जाता येत नाही. नकाशाच्या वरच्या कोपऱ्यात, उगमापाशी, तू पेन्सिलने एक छोटं घर काढलं आहेस. त्याखाली तुझ्या अक्षरात काहीतरी लिहिलं होतं, पण वहीची घडी नेमकी तिथूनच गेली आहे. पहिलं अक्षर 'थ' वाटतं. थंड? थांबा? दोन महिने मी तिथे वेगवेगळी माणसं बसवून बघितली, एकही टिकलं नाही, कारण ते घर माझं नाही.

सोबत त्या पानाचा फोटो पाठवतो आहे. तिथे कोण राहतं, पाणी कशाने मोजतं, परक्या माणसाला आधी काय विचारतं, एवढं कळव. मी पुलाशी मुक्काम टाकला आहे. गवत पिवळं पडायला लागलंय.

तुझाच