विषय: फ्रंट लोड वॉशिंग मशीनच्या माहितीपुस्तिकेतली पायरी ३ उलट्या क्रमाने लिहिल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

पुस्तिकेतली पायरी ३ जशीच्या तशी खाली देत आहे:

"मशीन योग्य ठिकाणी ठेवून नळ्या जोडाव्यात व वीजपुरवठा सुरू करून चाचणी फेरी घ्यावी, तत्पूर्वी ट्रान्झिट बोल्ट काढल्याची खात्री करावी."

पहिल्यांदाच मशीन लावणारा माणूस एक ओळ वाचतो, तेवढं काम करतो आणि मग पुढची ओळ बघतो. 'तत्पूर्वी'पर्यंत त्याची नजर जाते तेव्हा मशीन भिंतीला लागून सुरूही झालेलं असतं. बोल्ट असतात मागच्या बाजूला, म्हणजे त्याला ते दिसतही नाहीत.

आतला टब स्प्रिंग आणि शॉकअपवर तरंगता असतो. वाहतुकीत तो आपटू नये म्हणून बोल्ट त्याला बाहेरच्या बॉडीशी जखडून ठेवतात. ते तसेच राहिले तर धुताना फारसं काही कळत नाही, पण स्पिन सुरू झालं की सगळा हादरा थेट बॉडीत जातो. मशीन दणादणा आवाज करत जागेवरून सरकतं. पुढचा बिघाड मग 'चुकीची जोडणी' म्हणून वॉरंटीबाहेर टाकला जातो. चूक मात्र वाक्याची आहे.

दुसरी गोष्ट नावाची. हेच बोल्ट चित्रात 'फिक्सिंग स्क्रू' आहेत आणि सुट्या भागांच्या यादीत 'शिपिंग बोल्ट'. वाचणारा तीन वेगळ्या वस्तू शोधत बसतो. शिवाय 'खात्री करावी' ही कृतीच नव्हे. काय करायचं आणि काय दिसलं म्हणजे झालं, हे लिहायला हवं.

ही पायरी अशी लिहिता येईल:

१. प्लग लावू नका. मशीनच्या मागे या.
२. चित्र ३ मधले ४ ट्रान्झिट बोल्ट शोधा.
३. सोबतच्या पान्याने चारही बोल्ट घड्याळाच्या उलट दिशेने सैल करा.
४. प्रत्येक बोल्ट त्याच्या प्लास्टिकच्या बुशसकट बाहेर ओढा.
५. काढलेले बोल्ट आणि बुश मोजा. दोन्ही ४-४ नसतील तर पुढे जाऊ नका.
६. चारही भोकांवर टोपणं बसवा.
७. बोल्ट आणि बुश जपून ठेवा. मशीन पुन्हा हलवताना लागतील.

नळ्या आणि वीज यानंतरच्या पायरीत. चौथ्या ओळीतला बुश मुद्दाम लिहिला आहे: बोल्ट सुटून हातात येतो, बुश आतच अडकून राहतो आणि काम झालं असं वाटतं. पाचव्या ओळीतली मोजणी त्याचसाठी.

नवी पुस्तिका छापेपर्यंत या सात ओळींची चिठ्ठी प्लगलाच बांधा. दारावर लावली तर खोक्याच्या कागदांबरोबर फेकली जाईल. प्लग लावण्याआधी मात्र ती सोडावीच लागेल. केलेली दुरुस्ती लेखी कळवावी.

आपला,
एक ग्राहक