तीस दिवस की एक महिना?

महोदय,

आमच्या इमारतीला आलेल्या नोटिशीत हरकतीची मुदत वर ‘३० दिवस’, मध्ये ‘३० कॅलेंडर दिवस’ आणि शेवटी ‘एक महिना’ अशी छापली आहे. नुसते ‘३० दिवस’ लिहिले तरी रविवार-सुट्ट्या त्यात धरल्याच जातात. पण एकाच ठिकाणी ‘कॅलेंडर’ घातले की इतरत्र कामाचे दिवस असावेत, असे वाटू लागते. नोटीस २ फेब्रुवारीला मिळाली. तो दिवस वगळून मोजले, तर ३० दिवस ४ मार्चला भरतात. महिना मात्र २ मार्चलाच, कारण फेब्रुवारी २८ दिवसांचा. मग ३ मार्चला दिलेली हरकत वेळेत की उशिरा? खिडकीवरचे कर्मचारी तरी काय सांगणार! ‘नोटीस मिळाल्याचा दिवस वगळून ३० दिवस’ हेच शब्द सगळीकडे छापावेत.

– एक वाचक, सोलापूर