विषय: प्लास्टिकच्या तीन गळक्या खिडक्या, माहीम, पाचवा मजला

व्यवस्थापक,

सहावा फोन आत्ता ठेवला आणि लिहायला बसले. गादी अजून ओली आहे.

आमच्या जुन्या सागवानी खिडक्या चाळीस वर्षं टिकल्या. पावसाळ्यात फुगायच्या, दर दोन-तीन वर्षांनी रंग लागायचा, पण बिजागरीची झडप चौकटीवर घट्ट दाबून बसायची. पुन्हा सागवान करायला चौरस फुटाला 1,600 रुपये सांगितले. ॲल्युमिनियमचे 480, तुमच्या यूपीव्हीसी प्लास्टिकचे 750. खाऱ्या वाऱ्यात ॲल्युमिनियमवर पांढरे डाग पडतात, हे स्वयंपाकघरातल्या खिडकीवर रोज दिसतं. प्लास्टिक गंजत नाही, कुजत नाही. म्हणून तीन सरकत्या खिडक्यांच्या 60 चौरस फुटांचे 45,000 तुम्हाला दिले.

जूनमध्ये पश्चिमेचा वारा सुटला आणि खालच्या ट्रॅकमधून पाणी आत आलं. तुमचा माणूस आला. ट्रॅकमधलं पाणी बाहेर जायची भोकं त्याने सिलिकॉनने बुजवली. मी म्हटलं, "अहो, हे काय करताय? पाणी जाणार कुठून?" तो म्हणाला, "ताई, पाणी इथूनच आत येतंय." मी तांब्याभर पाणी ट्रॅकमध्ये ओतून दाखवलं. ते बाहेर न जाता सरळ आत, भिंतीवरून खाली आलं. त्याने ते पाहिलं आणि सही मागितली. मी दिली नाही. तरी तुमच्याकडे तक्रार "निवारण झाली" अशी नोंदली आहे! आज फोनवरची मुलगी म्हणते, "मॅडम, यंदा पाऊसच जास्त आहे." मुंबईत खिडकी विकताना पाऊस ठाऊक नव्हता?

मी सिलिकॉन कोरून भोकं मोकळी केली. रिमझिमीत पाणी जातं, वादळात नाही. ताशी 72 किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब ट्रॅकमध्ये साधारण 24 मिलिमीटर पाणी तोलून धरतो. तुमच्या ट्रॅकची आतली कड मी पट्टीने मोजली, 18 मिलिमीटर भरली. पाणी तिच्यावरून येणारच. त्यात सरकत्या झडपेला नुसती ब्रशची पट्टी, तिच्यातून वारा शिरतो. याच मापाची ॲल्युमिनियमची खिडकीही अशीच गळली असती. सागवानाने पाणी अडवलं ते दाबून बसणाऱ्या झडपेने आणि वरच्या छज्ज्याने. हे मला घर भिजल्यावर कळलं, तुम्हाला तर विकण्याआधी माहीत होतं. तरी तुमच्या विक्रेत्याने समुद्रासमोर सरकतीच खिडकी गळ्यात मारली. मी विश्वास ठेवला, त्याचा मला फार त्रास होतो.

पुन्हा सांगते, भोकं बुजवणं ही दुरुस्ती नव्हे.

तिन्ही खिडक्या काढून रबरी गॅस्केटच्या, बाहेर उघडणाऱ्या झडपांच्या बसवा, नाहीतर 45,000 परत करा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. तांब्याच्या प्रयोगाचा व्हिडिओ माझ्याकडे आहे.

एक ग्राहक, माहीम