सुटकेनंतरचे एक वर्ष

महोदय,

साखर पेठेतल्या माझ्या चुलतभावाने यंत्रमाग कारखान्यात थकलेला बोनस मागितला, तर मालकाने त्याच्यावर सूतचोरीचा गुन्हा नोंदवला. उलटतपासात मालकानेच कबूल केले की साठ्याच्या नोंदवहीत तूट नव्हती. भाऊ निर्दोष सुटला. नातेवाईक म्हणाले, "सुटलास ना, आता गप्प बस." हाच सल्ला महागात पडतो.

द्वेषबुद्धीने खटला भरल्याबद्दल दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाई मागता येते. पण मुदत निर्दोष सुटल्यापासून फक्त 1 वर्ष, आणि अशा दाव्यात उशीर माफीचा अर्ज चालत नाही. समोरच्याला नोटीस पाठवून उत्तराची वाट बघत बसले तरी मुदत थांबत नाही.

शिवाय नुसता सुटकेचा निकाल पुरत नाही. तक्रारीला वाजवी आधार नव्हता आणि हेतू दुष्ट होता, हे आपणच सिद्ध करायचे असते. संशयाचा फायदा देऊन सोडले असेल, तर ते आणखी अवघड. म्हणून निकालाबरोबर उलटतपासाचीही प्रमाणित नक्कल लगेच काढावी. भावाच्या बाबतीत नोंदवहीची ती कबुली त्यातच आहे. वकिलाच्या फीच्या पावत्या आणि बुडालेल्या मजुरीचा पुरावाही जपून ठेवावा.

– एक वाचक, सोलापूर