कॉलच्या तारखेचा परतावाही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या काही महिन्यांत आमच्या खानापूर-बेळगाव भागात व्हॉट्सॲपवर कंपन्यांच्या कर्जरोख्यांचे तक्ते पुन्हा फिरू लागले आहेत. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी ते जून 2025 या काळात बँकांना कर्ज देण्याचा आपला रेपो दर 6.50 वरून 5.50 टक्क्यांवर आणला. ठेवींचे व्याज उतरले आणि जुने, जास्त व्याजाचे रोखे चढ्या भावाने विकायला आले. खाजगीरीत्या विकल्या जाणाऱ्या रोख्यांची दर्शनी किंमत 2024 पासून 10,000 रुपयांपर्यंत खाली आणण्याची मुभा मिळाली आहे, त्यामुळे निवृत्त शिक्षक, एसटीतले कंडक्टर, दुकानदार अशी माणसेही आता या बाजारात येत आहेत. या तक्त्यांत एक आकडा जवळजवळ नेहमी गाळलेला असतो: कंपनीने मुदतीआधीच रोखा परत घेतला, म्हणजे ‘कॉल’ केला, तर मिळणारा परतावा. त्यापायी माझ्या मामांचे जे नुकसान झाले ते इतरांचे होऊ नये, म्हणून हे पत्र.

मामा खानापूर तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. मे 2017 अखेर ते निवृत्त झाले आणि हातात पैसे आले. तेव्हा ज्येष्ठ नागरिक बचत योजनेवर 8.4 टक्के व्याज मिळत होते. मामा पोस्टात जाऊन अर्ज आणूनही बसले होते. तेवढ्यात ओळखीच्या एका एजंटाने त्यांना एका कंपनीच्या कर्जरोख्याचा कागद दाखवला. दर्शनी किंमत 1,000 रुपये, व्याज वर्षाला 10 टक्के, मुदत जून 2027 पर्यंत, बाजारभाव 1,080. शेवटच्या रकान्यात नुसते ‘यील्ड 8.77%’, म्हणजे परतावा. पोस्टापेक्षा जास्त मिळतात असे पाहून मामांनी 500 रोखे घेतले आणि 5,40,000 रुपये मोजले.

तो कागद मामांनी अजून जपून ठेवला आहे. 8.77 च्या शेजारी बारीक चांदणी आहे आणि पानाच्या तळाशी, भिंगाशिवाय वाचता येणार नाही अशा अक्षरांत, इंग्रजीत एक ओळ: जून 2020 मध्ये दर्शनी किमतीला रोखे परत घेण्याचा कंपनीला हक्क. मामांना इंग्रजी वाचता येते, पण त्या ओळीचा आपल्या पैशाशी काय संबंध हे त्यांना कोणी समजावले नाही. जून 2020 मध्ये कंपनीने तो हक्क वापरला. प्रत्येक रोख्यामागे 1,000 रुपये खात्यात आले आणि व्यवहार संपला.

त्या दिवशी मामा आमच्या ओसरीवर वही घेऊन बसले होते. त्यांनी पेन्सिलीने मांडलेला हिशेब असा: दिले 5,40,000. तीन वर्षांचे व्याज 1,50,000. परत आलेली मुद्दल 5,00,000. म्हणजे हाती 1,10,000. तेच पैसे पोस्टात ठेवले असते तर 8.4 टक्क्यांनी तीन वर्षांत व्याजच 1,36,080 झाले असते आणि मुद्दल पुरी शिल्लक राहिली असती. “दहा टक्के व्याज घेऊनसुद्धा पोस्टापेक्षा कमी कसे आले गं?” एवढेच त्यांनी मला विचारले.

उत्तर त्या वरच्या 80 रुपयांत आहे. 1,000 च्या रोख्याला 1,080 मोजले की ते 80 रुपये कधीच परत मिळत नाहीत, कारण शेवटी कंपनी 1,000 च देणार असते. म्हणून दरवर्षीच्या 100 रुपये व्याजातून ते थोडे थोडे वजा धरावे लागतात. रोखा दहा वर्षे चालला तर वर्षाला 8 रुपये वजा होऊन 92 उरतात. तीनच वर्षे चालला तर वर्षाला जवळपास 27 रुपये वजा होतात आणि 73 उरतात. ही रक्कम 1,080 आणि 1,000 यांच्या मध्यावरच्या 1,040 ला भागली की ढोबळ दर मिळतो: पहिल्या बाबतीत साधारण 8.8 टक्के, दुसऱ्या बाबतीत साधारण 7. पहिला आकडा म्हणजे यील्ड टू मॅच्युरिटी, रोखा शेवटच्या तारखेपर्यंत राहिला तर मिळणारा परतावा. दुसरा यील्ड टू कॉल, कंपनीने मध्येच परत घेतला तर मिळणारा. मामांना कागदावर फक्त पहिला दाखवला होता.

नेमका आकडा काढायला कोणाकडे जावे लागत नाही. मोबाइलवरच्या एक्सेलमध्ये किंवा गुगल शीटमध्ये एकेका चौकटीत हे टाका:

```
=RATE(10, 100, -1080, 1000)
=RATE(3, 100, -1080, 1000)
```

पहिला आकडा वर्षांचा, दुसरा दरवर्षीच्या व्याजाचा, तिसरा तुम्ही मोजलेल्या किमतीचा (पैसे बाहेर गेले म्हणून उणे), चौथा शेवटी परत मिळणाऱ्या रकमेचा. दशांशाची दोन स्थळे दाखवायला लावली की उत्तरे 8.77 आणि 6.95 टक्के येतात. नुकतीच व्याजाची तारीख होऊन गेलेली असेल आणि व्याज वर्षातून एकदाच मिळत असेल तेव्हाच हे थेट लागू पडते. अधल्यामधल्या तारखेला घेतल्यास साचलेले व्याज वेगळे द्यावे लागते आणि हिशेब थोडा हलतो, पण दोन आकड्यांत दरी राहतेच.

मामांचे नशीबच खराब, असे तेव्हा घरात सगळे म्हणाले. मला ते पटले नाही आणि आजही पटत नाही. तो रोखा 2012 मध्ये निघाला तेव्हा रेपो दर 8 टक्के होता, म्हणून कंपनीला 10 टक्के द्यावे लागले. जून 2017 मध्ये रेपो 6.25 वर आला होता, नवे रोखे कमी व्याजाने निघत होते, म्हणून जुन्या 10 टक्केवाल्याला लोक 1,080 द्यायला तयार झाले. मे 2020 मध्ये रेपो 4 टक्क्यांवर आला. आता कंपनीला बाजारात बऱ्याच स्वस्त व्याजाने कर्ज मिळत असताना तिने मामांना 10 टक्के देत का बसावे? ज्या कारणाने रोख्याचा भाव वर गेला, त्याच कारणाने कंपनीला तो परत घ्यावासा वाटला. भाव दर्शनी किमतीच्या वर आहे हीच परत घेतले जाण्याची पहिली खूण आहे, आणि विकणारे नेमके अशाच रोख्याला मुदतपूर्तीचा आकडा लावून दाखवतात याची मला चीड येते.

आमच्याकडे खंडाने शेत घेणाऱ्याला ही गोष्ट लगेच उमगेल. दहा वर्षांच्या बोलीवर शेत घेतले आणि सुरुवातीला वर नजराणा दिला, पण तिसऱ्या सुगीनंतर शेत परत घ्यायची मालकाला मुभा ठेवली, तर शहाणा माणूस नजराणा तीन सुगींवरच वाटून बघतो. पीक चांगले येऊ लागले की मालक शेत मागणार हे त्याला माहीत असते.

उलट बाजूही सांगायला हवी. परत घेणे हा कंपनीचा हक्क आहे, बंधन नाही. 2020 मध्ये व्याजदर चढलेले असते तर कंपनीने रोखे तसेच ठेवले असते, मामांना 2027 पर्यंत व्याज मिळत राहिले असते आणि 8.77 हा आकडा खरा ठरला असता. पण तेव्हा बाहेर त्याहून चांगले दर मिळत असताना पैसे अडकून पडले असते. दर उतरले तर कंपनी सुटते, दर चढले तर आपण अडकतो. म्हणूनच अशा रोख्याचा भाव कॉलची तारीख जवळ आली की दर्शनी किमतीच्या फार वर टिकत नाही. ‘नंतर चढ्या भावाला विकू’ हा बेत तिथे सहसा फसतो.

काही रोख्यांत कॉलची एकच तारीख नसते. पहिल्या तारखेनंतर दरवर्षी कंपनीला संधी असते. मग प्रत्येक तारखेचा आकडा वेगळा काढावा. मामांच्याच रोख्याला चौथ्या वर्षी 7.61 आणि पाचव्या वर्षी 8 टक्के आले असते. कंपनी दर्शनी किमतीलाच परत घेणार असेल आणि तुम्ही त्याहून जास्त मोजले असतील, तर सर्वांत आधीची तारीख सर्वांत कमी परतावा देते. आपल्याला किती मिळेल हे धरताना तोच आकडा धरावा. कधी कधी कंपनी परत घेताना थोडी जास्त रक्कम देते. ती 1,020 असती तर मामांना 7.54 टक्के मिळाले असते, म्हणून परतफेडीची रक्कमही माहितीपत्रकात पाहावी. दर्शनी किमतीपेक्षा कमी भावात मिळणाऱ्या रोख्यात सगळे उलट होते, तिथे लवकर परत मिळाले तर फायदाच.

आणखी एक दुखणे कराचे. मामांना दरवर्षी 50,000 रुपये व्याज पूर्ण उत्पन्नात धरून त्यावर कर भरावा लागला. रोख्यांवर गेलेले 40,000 रुपये मात्र भांडवली तोटा ठरले, आणि तो व्याजातून वजा करता येत नाही, फक्त भांडवली नफ्यातूनच वजा होतो. शेअर, जमीन असे काही न विकणाऱ्या पेन्शनर माणसाला त्याचा उपयोग शून्य. म्हणजे कर भरल्यावर 6.95 सुद्धा उरले नाहीत. परत आलेले पाच लाख तेव्हा बँकेत ठेवायला गेलो तर ज्येष्ठांनाही सहा टक्क्यांच्या आसपासच मिळत होते.

आपल्या वृत्तपत्रात आठवड्याला गुंतवणुकीचे पान येते आणि त्यात रोख्यांचे दर छापले जातात. माझी विनंती अशी की ज्या रोख्याला कॉलचा हक्क जोडलेला आहे त्याच्यापुढे कॉलची पहिली तारीख, परतफेडीची रक्कम आणि त्या तारखेपर्यंतचा परतावा मराठीत छापावा, मुदतपूर्तीच्या परताव्याइतक्याच मोठ्या अक्षरांत. माहितीपत्रके इंग्रजीत असतात, सरकारी कागद कन्नडमध्ये, आणि आमच्याकडची म्हातारी माणसे हिशेब मराठीत करतात. गेल्याच आठवड्यात मामांच्या शेजारच्या काकूंनी असाच एक तक्ता मला दाखवायला आणला. भाव दर्शनी 100 रुपयांना 106, मुदत 2034, परतावा एकच. मी त्यांना एजंटाला एवढेच विचारायला सांगितले, “कॉल कधी आहे आणि तेव्हाचे यील्ड किती?” त्याचे उत्तर अजून आलेले नाही, आणि काकूंनी चेक अजून लिहिलेला नाही.

आपली,
एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)